परत आलेला चेक आणि पंधरा दिवसांची नोटीस

वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्राचा वर्षाचा हिशेब सोयाबीनवर चालतो. जूनमध्ये बियाणे आणि खत उधारीवर जाते. सोयाबीन बाजार समितीत विकले की दिवाळीच्या आसपास उधारी परत येते. त्यातली काही चेकने येते आणि त्यातला एखादा चेक वटत नाही. बँक चेकबरोबर एक छोटा कागद परत देते, त्याला रिटर्न मेमो म्हणतात. त्यावर ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ किंवा ‘खाते बंद’ असे कारण असते. बहुतेक दुकानदार हा कागद खातेवहीत ठेवून ग्राहकाला फोन करत राहतात. तो ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणतो. असे चार-पाच आठवडे गेले की कायद्याने दिलेली मुदत निघून गेलेली असते.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट १८८१ चा असला, तरी चेक न वटणे हा गुन्हा ठरवणारे कलम १३८ त्यात १ एप्रिल १९८९ पासून आले. ते नीट वाचले तर दिसते की नुसता चेक परत आल्याने गुन्हा पूर्ण होत नाही. चेक घेणाऱ्याने लेखी नोटीस देऊन पैसे मागायचे आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेक देणाऱ्याने ते दिले नाहीत, तरच गुन्हा पूर्ण होतो. म्हणून नोटीस हा खटल्याचा पायाच आहे. तिच्यात चूक राहिली, तर पुढे कितीही चांगला वकील असला तरी ती भरून काढणे फार अवघड जाते.

एक उदाहरण मनाशी धरू. रिसोडमधले एक कृषी सेवा केंद्र. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनच्या एका ग्राहकाकडे १,१२,००० रुपये उधारी आहे. त्याने त्यापैकी ८६,४०० रुपयांचा, ३ नोव्हेंबर २०२५ तारखेचा चेक दिला. दुकानदाराने तो ६ नोव्हेंबरला रिसोडमधल्या आपल्या बँकेत भरला. रक्कम अपुरी असल्याचा मेमो त्याच्या हाती १० नोव्हेंबरला पडला.

घड्याळ चालू होते ते या १० तारखेपासून. बँकेकडून कळल्यानंतर तीस दिवसांच्या आत नोटीस पाठवावी लागते. पूर्वी ही मुदत पंधरा दिवसांची होती, २००२ च्या दुरुस्तीने ती तीस झाली. मोजताना मेमो मिळाल्याचा दिवस सोडायचा. म्हणजे ११ नोव्हेंबर हा पहिला दिवस आणि १० डिसेंबर हा तिसावा. चेकवरची किंवा चेक भरल्याची तारीख इथे उपयोगाची नाही. त्यामुळे मेमो हाती पडला त्याच दिवशी त्याच्या मागे तारीख लिहून ठेवावी, आणि तो बँकेतून आणला असेल तर पोच वहीतली नोंदही पाहावी. ही मुदत चुकली तर कोर्टाला ती वाढवून देता येत नाही. मार्ग एकच उरतो. चेकची वैधता, म्हणजे चेकवरच्या तारखेपासूनचे तीन महिने, शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरायचा, पुन्हा परत आला की नव्या मेमोपासून नवे तीस दिवस मोजायचे. सर्वोच्च न्यायालयाने ‘एमएसआर लेदर्स’ प्रकरणात हा मार्ग मान्य केला आहे. आपल्या उदाहरणात तो फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच खुला आहे.

आता नोटिशीचा मजकूर. ती वकिलानेच पाठवावी असे कलमात कुठेही नाही, दुकानदार स्वतःच्या सहीने पाठवू शकतो. भाषेचीही अट नाही, मराठी चालते. चेक दुकानाच्या नावाने असेल तर नोटीसही दुकानाच्या नावाने, ‘तर्फे मालक’ असे लिहून जावी. मजकूर साधारण असा:

‘प्रति, श्री. ……, रा. शिरपूर (जैन), ता. मालेगाव, जि. वाशिम.

आपण आमच्या दुकानातून खरीप २०२५ साठी बियाणे व खते उधारीवर नेली. त्या देण्यापोटी आपण आपल्या सहीचा, …… बँकेच्या …… शाखेवरील, क्रमांक ००४१७२, दिनांक ०३/११/२०२५ चा, रक्कम रुपये ८६,४०० (अक्षरी शहाऐंशी हजार चारशे फक्त) चा चेक आम्हाला दिला. तो आम्ही आमच्या …… बँक, रिसोड शाखेतील खात्यात भरला असता, “रक्कम अपुरी” या कारणाने न वटता परत आला. तसा मेमो आम्हाला दिनांक १०/११/२०२५ रोजी मिळाला. तरी ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत चेकची रक्कम रुपये ८६,४०० आम्हाला द्यावी. न दिल्यास आपल्याविरुद्ध निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ अन्वये फौजदारी तक्रार दाखल करण्यात येईल.’

एवढे पुरते. चेक कोणत्या देण्यासाठी दिला हे एका वाक्यात असावे, कारण पुढे ‘हा चेक तारण म्हणून दिला होता, देणे नव्हतेच’ हा बचाव हमखास येतो. बिले आणि खातेउतारा जोडले तर उत्तमच.

सर्वांत जास्त घोटाळा रकमेत होतो. दुकानदाराच्या डोक्यात १,१२,००० असतात, कारण वहीत तेच दिसतात. मग नोटिशीत ‘एकूण बाकी १,१२,००० पंधरा दिवसांत द्या’ असे लिहिले जाते. कलमाला मागणी हवी आहे ती ‘त्याच रकमेची’, म्हणजे चेकच्या रकमेची. २००० साली ‘सुमन सेठी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की व्याज, नोटीस खर्च अशा इतर रकमा मागता येतात, पण चेकची रक्कम त्यांच्यापासून स्पष्टपणे वेगळी दिसली पाहिजे. सगळे एका आकड्यात मिसळले तर नोटीस टिकत नाही. सप्टेंबर २०२५ मधला ‘कावेरी प्लास्टिक्स’ निकाल आणखी कडक आहे. चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत दोन कोटी पडले. टायपिंगची चूक होती, हे म्हणणे न्यायालयाने ऐकले नाही आणि तक्रार टिकली नाही. म्हणून माझा सल्ला असा की उरलेल्या २५,६०० रुपयांसाठी वेगळे पत्र द्या, या नोटिशीत ८६,४०० शिवाय दुसरा आकडाच येऊ देऊ नका. पाठवण्याआधी नोटीस, चेक आणि मेमो शेजारी ठेवून क्रमांक, तारीख, रक्कम दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

रकमेचाच आणखी एक प्रकार गावात नेहमी घडतो. चेक दिल्यानंतर पण तो बँकेत भरण्याआधी ग्राहक रोख किंवा फोनवरून वीस हजार देऊन जातो. तरीही दुकानदार चेक पूर्ण रकमेचाच भरतो. ‘दशरथभाई पटेल’ प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशा वेळी चेक भरताना तेवढे देणे शिल्लकच नसते, म्हणून कलम १३८ लागत नाही. मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेसाठीच तो भरायला हवा, नाहीतर नवा चेक घ्यावा. व्यवहारात नवा चेक घेणे सोपे.

नोटीस पोचवण्याकडे वळू. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, म्हणून नोंदणीसह आणि पोच मिळेल अशी स्पीड पोस्ट करावी. पावती नोटिशीच्या प्रतीला टाचावी आणि पोचल्याचा ट्रॅकिंग अहवाल लगेच छापून ठेवावा, कारण तो संकेतस्थळावर कायम राहत नाही. पत्त्याबाबत आपल्या जिल्ह्यात विशेष जपावे लागते. शिरपूर धुळे जिल्ह्यातही आहे आणि मालेगाव नाशिक जिल्ह्यातही. ‘शिरपूर, मालेगाव’ एवढेच लिहिलेले पाकीट उत्तर महाराष्ट्रात फिरत बसू शकते. कारंजा लाड आणि वर्धा जिल्ह्यातले कारंजा घाडगे यांचेही तसेच. तालुका, जिल्हा आणि पिनकोड तिन्ही हवेत.

पत्ता बरोबर असेल तर ग्राहकाने पाकीट घ्यायचे टाळले तरी बिघडत नाही. ‘घेण्यास नकार’ किंवा ‘मागणी केली नाही’ असा शेरा घेऊन ते परत आले, तर नोटीस पोचली असेच कायदा धरतो. २००७ च्या ‘अलवी हाजी’ निकालाने हे पक्के केले. परत आलेले पाकीट मात्र फोडू नये. ते बंद स्थितीतच कोर्टात दाखवायचे असते. पण पत्ता चुकीचा असल्याने किंवा माणूस तिथे राहतच नसल्याने पाकीट परत आले, तर हे गृहीतक डळमळते. म्हणून तीस दिवसांच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये. पहिल्या आठवड्यात नोटीस गेली तर दुसऱ्या पत्त्यावर पुन्हा पाठवायला वेळ उरतो.

आपल्या दुकानदाराने १८ नोव्हेंबरला नोटीस टाकली आणि ती २१ नोव्हेंबरला पोचली असे धरू. पोचल्याचा दिवस सोडून पंधरा दिवस मोजले की ६ डिसेंबर येतो. तोपर्यंत ग्राहकाला पैसे देण्याचा हक्क आहे. ७ डिसेंबरला तक्रारीचे कारण निर्माण होते आणि तो दिवस सोडून एक महिना, म्हणजे ७ जानेवारी २०२६ पर्यंत तक्रार दाखल करता येते. हा महिना कॅलेंडरचा आहे, तीस दिवसांचा नव्हे. इथे उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून माफी मिळू शकते. घाई मात्र महागात पडते. पंधरा दिवस पूर्ण होण्याआधी दाखल केलेली तक्रार चालत नाही, हे २०१४ च्या ‘योगेंद्र प्रताप सिंह’ निकालात स्पष्ट झाले आहे.

तक्रार कोणत्या गावी करायची हा वाद २०१५ च्या दुरुस्तीने मिटवला. चेक ज्याने आपल्या खात्यात भरला, त्याची बँक शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत येते तिथे. ग्राहकाचे खाते पुण्याच्या शाखेत असले, तरी आपल्या दुकानदाराला रिसोड शाखेच्याच हद्दीतल्या कोर्टात जायचे आहे.

पंधरा दिवसांत ग्राहक थोडेच पैसे घेऊन आला तर ते घ्यावेत, पण पावतीवर ‘चेक क्रमांक ००४१७२ पैकी अंशतः जमा’ असे लिहावे आणि ‘हिशेब मिटला’ असे काही लिहू नये. पूर्ण ८६,४०० आले तर हा विषय तिथेच संपतो. मग त्या पैशाची लेखी पावती द्या, चेक आणि मेमो ग्राहकाला परत करा आणि परत दिल्याची त्याची सही वहीत घ्या.