ताळेबंदाच्या दोन बेरजा जुळत नाहीत तेव्हा

लहान दुकानाची वर्षअखेरची अंतिम खाती सहसा एका पानावर मावतात. वर व्यापार खाते, त्याखाली नफा-तोटा खाते आणि शेवटी ताळेबंद. पहिली दोन खाती वर्षभरात काय मिळाले, काय खर्च झाले ते सांगतात. ताळेबंद ३१ मार्च या एकाच दिवसाची स्थिती मांडतो, म्हणजे डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे मालमत्ता व येणी. असे पान तपासताना दोन गोष्टी पाहायच्या असतात: एखादी रक्कम भलत्या जागी बसली आहे का, आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आहे का. या दोन्ही तपासण्या एकच आहेत, असे पुष्कळांना वाटते. बेरीज जुळली की पान बरोबर, असा शेरा मारून ते मोकळे होतात. प्रत्यक्षात भलत्या जागी बसलेल्या अनेक रकमा बेरजेला धक्काही लावत नाहीत.

अंतिम खाती तेरीज पत्रकावरून बनतात. तेरजेत नावे आणि जमा या दोन्ही बाजू आधीच जुळलेल्या असतात, म्हणून तेरजेतली प्रत्येक रक्कम अंतिम खात्यांत एकदाच लिहायची. वर्षअखेरच्या समायोजना, म्हणजे अखेरचा शिल्लक माल, घसारा, देणे राहिलेले भाडे अशा बाबी, तेरजेबाहेरून येतात. त्यांची नोंद दोनदा करावी लागते: एक परिणाम नफ्यावर, दुसरा ताळेबंदात. तेरजेतली रक्कम दोनदा लिहिली किंवा समायोजना एकदाच लिहिली, की बेरीज फुटते. बेरजेतली बहुतेक गडबड या एका नियमाच्या उल्लंघनातून निघते.

एका माणसाच्या मालकीचे हार्डवेअरचे दुकान घेऊ. त्याच्या तेरजेत विक्री ९,००,०००, धनको ९२,००० आणि मालकाचे भांडवल २,८०,००० रुपये जमेच्या बाजूला आहे. नावेच्या बाजूला सुरुवातीचा माल १,२०,०००, खरेदी ६,४०,०००, माल आणण्याचे भाडे १८,०००, गिऱ्हाइकाकडे माल पोचवण्याचे भाडे ९,०००, पगार ९६,०००, दुकानभाडे ५५,०००, विमा १२,०००, फर्निचर ८०,०००, ऋणको १,१०,०००, रोख व बँक मिळून ८२,००० आणि मालकाची घरखर्चासाठी उचल ५०,००० रुपये. दोन्ही बाजूंची बेरीज १२,७२,००० येते. तेरजेबाहेरच्या बाबी चार आहेत. अखेरचा माल १,४०,००० रुपयांचा, मार्चचे ५,००० रुपये दुकानभाडे द्यायचे राहिले आहे, विम्यातले ३,००० रुपये पुढच्या वर्षाचे आहेत आणि फर्निचरवर दहा टक्के, म्हणजे ८,००० रुपये, घसारा धरायचा आहे.

मुनिमाने तयार केलेल्या पानावर एकूण नफा २,८०,००० आणि निव्वळ नफा ३०,००० रुपये दाखवला आहे. त्याखालचा ताळेबंद असा:

| भांडवल व देणी | रुपये | मालमत्ता व येणी | रुपये |
|---|---|---|---|
| भांडवल २,८०,००० + निव्वळ नफा ३०,००० | ३,१०,००० | फर्निचर | ८०,००० |
| धनको | ९२,००० | अखेरचा माल | १,४०,००० |
| आगाऊ विमा | ३,००० | ऋणको | १,१०,००० |
| | | रोख व बँक | ८२,००० |
| एकूण | ४,०५,००० | एकूण | ४,१२,००० |

मालमत्तेची बाजू ७,००० रुपयांनी जड आहे. पहिले काम म्हणजे दोन्ही बेरजा पुन्हा करणे, तीही खालून वर, म्हणजे वरून खाली करताना झालेली चूक पुन्हा होत नाही. इथे बेरजा बरोबर आहेत. मग फरकाच्या आकड्याकडे पाहायचे. फरकाएवढीच रक्कम तेरजेत किंवा समायोजनांत सापडली, तर ती लिहायची राहून गेली असण्याची शक्यता असते. फरकाच्या निम्मी रक्कम सापडली, तर ती उलट्या बाजूला लिहिली गेली असावी, कारण अशी रक्कम एका बाजूला वाढते आणि दुसरीकडे कमी पडते. फरकाला ९ ने भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल शोधायची. ९२,००० च्या जागी २९,००० लिहिले की फरक ६३,००० चा पडतो, म्हणजे नऊ गुणिले ७,०००. आणि ९ व २ मधला फरकही ७ आहे. एक शून्य गाळले, ९,००० चे ९०० झाले, तरी ८,१०० चा फरक नवाने तुटतो.

या पानावर यांतली एकही खूण लागू पडत नाही. ७,००० नावाची रक्कम कुठे नाही, ३,५०० ची नाही, आणि ७,००० ला नवाने भागही जात नाही. या युक्त्या एकच चूक असेल तेव्हा चालतात. दोन-तीन चुका एकमेकींत मिसळल्या की फरकाचा आकडा काहीच सांगत नाही, आणि त्याच्यामागे धावण्यात तास जातो. अशा वेळी खुणांचा मार्ग बरा. तेरीज पत्रक शेजारी ठेवून प्रत्येक रकमेपुढे एक खूण करायची, प्रत्येक समायोजनेपुढे दोन.

तेरजेतल्या सगळ्या रकमांना एकेकच खूण मिळते. घोळ समायोजनांत आहे. अखेरचा माल व्यापार खात्याच्या जमेला आहे आणि ताळेबंदातही, म्हणजे दोन खुणा. देणे राहिलेले भाडे नफा-तोटा खात्यात ५५,००० मध्ये मिळवून ६०,००० केले आहे, पण देण्यांच्या बाजूला ते ५,००० दिसत नाहीत. घसारा खर्चात धरला आहे, फर्निचर मात्र ८०,००० चेच राहिले आहे. ते ७२,००० हवे. या दोन चुका दुरुस्त केल्या की देण्यांची बाजू ४,१०,००० आणि मालमत्तेची ४,०४,००० होते. आता फरक ६,००० चा, तोही उलट दिशेचा. इथे मात्र निम्म्याचा नियम लागू पडतो: ६,००० चे निम्मे ३,०००, आणि नेमका तेवढाच आगाऊ विमा देण्यांत बसला आहे. तो दुकानाने आधीच भरलेला पैसा आहे, विमा कंपनीकडून पुढच्या वर्षात त्याचे संरक्षण मिळायचे आहे, म्हणून त्याची जागा येण्यांत. तो उजवीकडे नेल्यावर दोन्ही बाजू ४,०७,००० वर थांबतात.

पान इथे जुळले, पण तपासणी संपलेली नाही. आता पाहायच्या त्या बेरजेला न जाणवणाऱ्या चुका. मालकाची ५०,००० रुपयांची उचल मुनिमाने नफा-तोटा खात्यात खर्च म्हणून घातली आहे. मालकाने घरासाठी नेलेला पैसा हा धंद्याचा खर्च नव्हे. तो भांडवलातून वजा करायचा. दोन्ही रीतींनी भांडवलाचा आकडा मात्र एकच येतो. उचल खर्चात धरली तर २,८०,००० अधिक ३०,०००, म्हणजे ३,१०,०००. योग्य जागी धरली तर २,८०,००० अधिक ८०,००० वजा ५०,०००, तेही ३,१०,०००. ताळेबंद तसूभर हलत नाही, पण खरा नफा ८०,००० असताना पानावर ३०,००० दिसतो. प्राप्तिकरासाठी हा आकडा चुकीचा, आणि कर्ज देताना नफा पाहणाऱ्या बँकेसमोर दुकान आहे त्याहून अशक्त दिसते.

दुसरी अशीच चूक भाड्याची. माल दुकानात आणण्याचे भाडे मालाच्या किमतीचाच भाग असते, म्हणून ते व्यापार खात्यात जाते. विकलेला माल गिऱ्हाइकाकडे पोचवण्याचे भाडे विक्रीचा खर्च, ते नफा-तोटा खात्यात. मुनिमाने दोन्ही खाली घातली. त्यामुळे एकूण नफा २,६२,००० ऐवजी २,८०,००० झाला, निव्वळ नफा मात्र होता तेवढाच राहिला. अशी चूक पकडायची ती प्रमाणावरून. विक्रीशी एकूण नफ्याचे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास हवे होते, ते ३१ वर गेले. मालाचे दर किंवा विक्रीच्या किमती बदलल्या नसताना हे प्रमाण गेल्या वर्षापेक्षा दोन टक्क्यांनी उचलले गेले असेल, तर व्यापार खात्यातून एखादा खर्च निसटला आहे का ते पाहावे.

संगणकावर हिशेब ठेवणाऱ्यांना बेरजेचा त्रास कमी होतो. जागेचा त्रास तसाच राहतो. टॅलीत न जुळणारी नोंद साठवताच येत नाही. ताळेबंदात Difference in opening balances अशी ओळ दिसली, तर वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लकी चुकीच्या भरल्या आहेत असे समजावे आणि त्या गेल्या वर्षीच्या ताळेबंदाशी ताडून पाहाव्यात. भलत्या जागेची चूक तिथे खाते उघडताना निवडलेल्या गटातून शिरते. उचलीचे खाते Indirect Expenses खाली उघडले की वर्षभर प्रत्येक उचल खर्चात जाते. ते Capital Account खाली हवे. माल आणण्याच्या भाड्याचे खाते Direct Expenses खाली हवे. खात्याचा गट बदलला की आधीच्या सर्व नोंदी आपोआप योग्य जागी जातात, एकेक नोंद उपसावी लागत नाही.

हाताने लिहिलेले पान असो वा टॅलीचे, फरक सापडत नाही म्हणून तेवढी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून पान जुळवण्याची पद्धत सर्रास चालते. तात्पुरती सोय म्हणून ठीक. पण ३१ मार्चच्या अंतिम ताळेबंदात ते खाते शिल्लक असेल, तर पान अपुरे आहे असेच धरावे. वर पाहिलेला ७,००० रुपयांचा फरक सस्पेन्समध्ये गेला असता, तर त्याखाली तीन स्वतंत्र चुका झाकल्या गेल्या असत्या.

काही गोष्टी पानावरून कळतच नाहीत. अखेरचा माल १,४०,००० ऐवजी १,६०,००० लिहिला, तर नफा २०,००० ने वाढतो, मालमत्ताही तेवढीच वाढते आणि दोन्ही बाजू निमूट जुळतात. दुकानाच्या रंगकामाचा खर्च फर्निचरच्या खात्यात गेला, तरी तेच: खर्च कमी, मालमत्ता जास्त, बेरीज सारखी. त्यासाठी माल मोजल्याची यादी, फर्निचर खात्यातल्या प्रत्येक रकमेचे बिल आणि ३१ मार्चचा बँकेचा उतारा पानाशेजारी ठेवावा लागतो.