गोंगाटातून सूर कसा सापडतो?

गिटारची पाचवी तार सुरात असेल, तर छेडल्यावर ती सेकंदाला ११० वेळा थरथरते. ट्यूनरच्या माइकपर्यंत मात्र बरंच काही पोहोचतं: २२०, ३३० हर्ट्झचे उपस्वर, पिकचा खट्ट आवाज, पंख्याची घरघर. फोनच्या छोट्या माइकला खर्जातले स्वर कमीच ऐकू येतात, त्यामुळे २२०चा उपस्वर मूळ स्वरावर सहज मात करतो. अशा लहरीने शून्याची रेषा किती वेळा ओलांडली ते मोजत बसलं, तर आकडा भलताच येतो.

ऑटोकोरिलेशन वेगळाच प्रश्न विचारतं: ही लहर किती वेळाने पुन्हा स्वतःसारखी दिसते?

ट्यूनर आवाजाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा टिपतो. त्यातला एक तुकडा घ्यायचा, त्याचीच प्रत थोडी सरकवून त्यावर ठेवायची, समोरासमोर आलेल्या आकड्यांचे गुणाकार करून बेरीज करायची. मग प्रत आणखी एक घर सरकवायची. सुमारे ४०१ घरांवर शिखरावर शिखर आणि दरीवर दरी येते, उणे गुणिले उणे अधिक होतं, आणि बेरीज उसळते. ४४,१०० भागिले ४०१ म्हणजे १०९.९८ हर्ट्झ. तेवढ्याच वेळात २२०च्या उपस्वराची दोन आवर्तनं पुरी होतात, ३३०ची तीन. म्हणजे मूळ स्वर क्षीण असला, तरी उपस्वर त्याच्याच बाजूने कौल देतात. गोंगाटाचं तसं नाही. आत्ताच्या खरखरीचा नऊ मिलिसेकंदांनंतरच्या खरखरीशी संबंध नसतो, त्यामुळे तिचे अधिक-उणे गुणाकार बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात.

खरी गोची शिखर निवडताना होते. २०० घरांच्या आसपास २२०च्या उपस्वरामुळे एक छोटं शिखर उभं राहतं. पहिलं दिसेल ते उचललं, तर ट्यूनर एक सप्तक वर जातो. ८०२ घरांवर लहर दोन आवर्तनांनी जुळते. सर्वांत उंच शिखर धरावं, तर गोंगाटाच्या धक्क्याने कधी तेच किंचित उंच ठरतं आणि पडद्यावर ५५ हर्ट्झ झळकतात. त्यावरचा रूढ तोडगा असा: सर्वांत उंच शिखराच्या, समजा, ९० टक्क्यांपर्यंत पोहोचणारं पहिलं शिखर घ्यायचं.

बारीक तारेला हे मोजमाप भरड पडतं. पहिल्या तारेच्या ३२९.६३ हर्ट्झसाठी जेमतेम १३३.८ घरं होतात. १३३ धरली तर ३३१.६, १३४ धरली तर ३२९.१. दोन्हींमधला फरक अर्ध्या स्वराच्या आठव्या हिश्शाएवढा, म्हणजे ट्यूनरसाठी फारच. म्हणून शिखर आणि त्याच्या दोन बाजूंच्या बेरजांतून एक वक्र काढतात आणि खरा माथा कुठे येतो ते अपूर्णांकात शोधतात.

विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीपुढे मात्र ही युक्ती लंगडी पडते, कारण ती गुणगुणही नियमित असते आणि स्वतःशी छान जुळते.