जुना प्रबंध, नवी फाइल आणि ग्रंथपालांना पत्र

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये पीएच.डी.साठी जी किमान मानके ठरवून दिली, त्यांत एक कलम प्रबंधाच्या सॉफ्ट कॉपीचे होते. पदवी जाहीर झाल्यावर विद्यापीठाने तीस दिवसांत ती प्रत पाठवायची आणि ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत सर्वांना वाचायला खुली व्हायची, असा त्याचा आशय. त्यातूनच ‘शोधगंगा’ हे भारतीय प्रबंधांचे भांडार भरत गेले. २०२२ च्या नियमांनुसार तर ही प्रत पदवी जाहीर होण्याआधीच द्यावी लागते. आजच्या संशोधकाला त्यामुळे ही वाट चुकत नाही. अडचण आहे ती संक्रमणाच्या काळात पदवी मिळवलेल्यांची. त्यांचा प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात बांधील प्रतीच्या रूपात असतो, सोबत एखादी सीडी असते, आणि शोधगंगेवर शोधले तर नाव सापडत नाही.

अशा संशोधकाला स्वतः शोधगंगेवर प्रबंध चढवता येत नाही. ते काम विद्यापीठाने नेमलेल्या समन्वयकाचे असते आणि बहुतेक ठिकाणी ही जबाबदारी ग्रंथालयाकडे, म्हणजे आता ज्याला ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात त्याच्याकडे असते. म्हणून सुरुवात ग्रंथपालांना पत्र लिहून होते. ‘माझा प्रबंध अपलोड करावा, ही विनंती’ एवढेच लिहिलेले पत्र मात्र टेबलावर पडून राहते, कारण प्रत तपासण्याचे सगळे काम ते ग्रंथालयावर टाकते. काय बदलले, काय बदललेले नाही आणि ते कसे पडताळायचे, हे सांगणारे पत्र पुढे सरकते.

एक उदाहरण घेऊ. समजा, मराठवाड्यातील आठवडी बाजारांच्या सामाजिक इतिहासावर एका संशोधिकेने मराठीत प्रबंध लिहिला आणि २०११ मध्ये त्यांना पदवी मिळाली. सुरुवातीची पाने १८ आणि मुख्य मजकूर ३४२ पानांचा. टंकलेखन श्रीलिपीत झाले होते. सीडीवरची पीडीएफ उघडली तर अक्षरे स्वच्छ दिसतात. पण त्यातला ‘मराठी’ हा शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला की `_amR>r` असे काहीतरी उमटते. त्या काळच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. डोळ्यांना मराठी दिसते, संगणकाला मात्र रोमन चिन्हांची रांग दिसते. अशा फाइलमध्ये ‘बाजार’ हा शब्द शोधला तर तो एकदाही सापडणार नाही. आपली फाइल या जातीची आहे का, हे ओळखायला कॉपी करून चिकटवण्याची ही चाचणी पुरते.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून नवी पीडीएफ करणे. मला तो या कामासाठी चुकीचा वाटतो. रूपांतर करणाऱ्या साधनांत रफार जागा सोडतो, जोडाक्षरे फुटतात, आणि हे सगळे दुरुस्त करताना कोणाचाही हात वाक्ये सुधारण्याकडे वळतो. त्याहून मोठी गोष्ट पानांची. फॉन्ट बदलला की ओळी सरकतात आणि ३४२ पानांचा मजकूर ३६० पानांवरही जाऊ शकतो. मग कोणी आपल्या लेखात ‘पृ. २१७’ असा संदर्भ दिला असेल तर नव्या प्रतीत त्या पानावर भलताच मजकूर येतो. शिवाय परीक्षकांनी मान्य केलेली प्रत बांधणीतली आहे. भांडारात तीच जायला हवी.

म्हणून या उदाहरणात बांधील मान्य प्रतच ३०० डीपीआयला स्कॅन करायची आणि चित्राखाली ओसीआरचा अदृश्य मजकूर बसवायचा. वाचकाला मूळ पान जसेच्या तसे दिसते आणि शब्द शोधला तर सापडतो. ओसीआरने एखादे जोडाक्षर चुकीचे वाचले तरी दिसणाऱ्या पानाला धक्का लागत नाही. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचते. त्याच्याच आधाराने चालणारी ही आज्ञा स्कॅन केलेल्या फाइलला मजकुराचा थर देते आणि ती पीडीएफ/ए या प्रकारात साठवते:

```
ocrmypdf -l mar+eng --output-type pdfa scan.pdf prabandh.pdf
```

पीडीएफ/ए हा दीर्घकाळ जपायच्या फाइलींसाठीचा आयएसओ मानक प्रकार आहे. त्यात वापरलेले फॉन्ट फाइलीतच असावे लागतात आणि पासवर्ड चालत नाही. पासवर्डचे कुलूप लावलेली फाइल ग्रंथालय परत करते. चोरीच्या भीतीने लोक ते लावतात, पण कुलूप असेल तर फाइल तपासता येत नाही आणि पुढे नव्या प्रकारात बदलताही येत नाही.

त्यानंतर विभागणी. प्रबंध एकसंध फाइल म्हणून घेतला जात नाही. प्रकरणवार तुकडे करून त्यांना ठरलेली नावे द्यावी लागतात. विद्यापीठागणिक तपशील थोडा बदलतो, तेव्हा आपल्या ग्रंथालयाचा नमुना आधी मागून घ्यावा. साधारण रचना अशी:

```
01_title.pdf
02_prelim pages.pdf
03_content.pdf
04_abstract.pdf
05_chapter 1.pdf
...
10_chapter 6.pdf
11_annexures.pdf
80_recommendation.pdf
```

आरंभीचे शून्य गाळले तर संगणक 10 ला 2 च्या आधी बसवतो आणि प्रकरणांचा क्रम विस्कटतो. शेवटची 80 क्रमांकाची फाइल हमखास राहून जाते. तिच्यात मुखपृष्ठ आणि समारोपाचे प्रकरण पुन्हा एकत्र द्यायचे असते.

तुकडे झाल्यावर पानांची बेरीज करावी. आपल्या उदाहरणात पहिल्या चार फाइलींची पाने १, ९, ५ आणि ३, म्हणजे १८. सहा प्रकरणांची ३८, ६१, ५७, ६४, ४९ आणि ३३, म्हणजे ३०२. संदर्भसूची व परिशिष्टे ४०. एकूण ३६०. यात 80 क्रमांकाची फाइल धरायची नाही, कारण तिच्यातली पाने दुसऱ्यांदा आलेली असतात. बेरीज ३५९ आली तर स्कॅन करताना कुठेतरी दोन पाने एकदम उलटली गेली आहेत. कोणत्या प्रकरणात, ते अनुक्रमणिकेशी ताडून लगेच कळते.

या प्रबंधाच्या परिशिष्टात बाजारातल्या विक्रेत्यांच्या मुलाखती आहेत आणि त्यांचे फोन नंबरही. कपाटातल्या प्रतीत ते दिसणे आणि जगभर उघडणाऱ्या फाइलीत दिसणे यांत फरक आहे. ते झाकायलाच हवेत, पण विद्यापीठाची परवानगी घेऊन आणि पत्रात नोंद करून. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर कॉपी करता येतो. त्यामुळे स्कॅनच्या चित्रावरच नंबर पुसावेत आणि ओसीआर त्यानंतर करावे.

मेटाडेटा म्हणजे प्रबंधाची नोंद: शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विभाग, विषयशब्द, पाने, भाषा, तारखा. शीर्षक पदवीच्या अधिसूचनेत आहे तसेच, अक्षरशः, द्यावे. आज एखादा शब्द खटकत असला तरी तो बदलू नये. मराठी शीर्षक देवनागरीत आणि इंग्रजी भाषांतर पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात द्यावे. नुसते रोमन लिपीत लिहिले तर ‘आठवडी’ कोणी एका स्पेलिंगने शोधतो, कोणी दुसऱ्याने, आणि नोंद असूनही हाती लागत नाही. नाव आडनावापासून सुरू करून पूर्ण लिहावे. लग्नानंतर नाव बदलले असेल तर नोंदीत पदवीवरचेच नाव राहते. तारखांत सर्वाधिक घोळ होतो. नोंदणी, प्रबंध पूर्ण होणे आणि पदवी मिळणे यांचे रकाने वेगळे असतात. मौखिक परीक्षेची तारीख पदवीच्या रकान्यात लिहिली जाते, तिथे अधिसूचनेची हवी.

एवढे झाल्यावर पत्र लिहायला वेळ लागत नाही. त्याचा गाभा असा:

“मा. ग्रंथपाल महोदय,

विषय: पीएच.डी. प्रबंध नियमानुसार तयार करून शोधगंगेत समाविष्ट करण्याबाबत.

मला इतिहास विषयातील पीएच.डी. पदवी सोबत जोडलेल्या अधिसूचनेन्वये २०११ मध्ये प्रदान झाली आहे. माझा प्रबंध शोधगंगेवर आढळला नाही. आपल्या नमुन्यानुसार तो तयार करून १२ फाइली व मेटाडेटाचा तक्ता सादर करीत आहे.

फाइली ग्रंथालयातील मान्य प्रतीवरून स्कॅन केल्या आहेत. पुढील बदल केले आहेत: शोधासाठी ओसीआर, प्रकरणवार विभागणी, आणि परिशिष्ट ३ मधील माहितीदात्यांचे दूरध्वनी क्रमांक झाकणे (विभागप्रमुखांचे परवानगीपत्र सोबत). याव्यतिरिक्त आशय, क्रम व पृष्ठक्रमांक यांत कोणताही बदल नाही. एकूण पृष्ठे १८ + ३४२.

प्रबंध सर्वांना खुला करण्यास माझी संमती आहे. छायाचित्रे मी स्वतः काढलेली आहेत. तपासणीत त्रुटी आढळल्यास कळवावे, मी दुरुस्त प्रत देईन. समावेशानंतर कायम दुवा कळवावा, ही विनंती.”

यातला बदल सांगणारा परिच्छेद पत्राचा प्राण आहे. ग्रंथालयाला प्रत्येक पान वाचता येत नाही. पण काय बदलले हे लिहून दिलेले असेल तर बांधील प्रत शेजारी ठेवून तेवढ्याच जागा तपासता येतात. मार्गदर्शकांचे ‘ही प्रत मान्य प्रतीशी जुळते’ असे प्रमाणपत्र जोडावे. ते निवृत्त झाले असतील किंवा हयात नसतील तर विभागप्रमुखांचे चालेल का, हे आधी विचारून घ्यावे.

संमतीचे वाक्य समजून उमजून लिहावे. शोधगंगेवरील साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या CC BY-NC-SA 4.0 परवान्याखाली येते. श्रेय देऊन, बिगरव्यापारी कामासाठी आणि त्याच अटींवर कोणीही ते वापरू शकतो. प्रबंधाचे पुस्तक निघणार असेल तर प्रकाशकाशी आधी बोलावे आणि काही काळ प्रबंध बंद ठेवण्याची सोय विद्यापीठाच्या नियमांत आहे का, ते विचारावे. दुसऱ्याची छायाचित्रे किंवा नकाशे वापरले असतील तर तेही पत्रात सांगावे.

पत्र आवक विभागात देऊन क्रमांक घ्यावा. प्रबंध चढला की `10603/` ने सुरू होणारा कायम क्रमांक मिळतो आणि संदर्भ देताना तोच वापरायचा असतो. दुवा आल्यावर प्रत्येक फाइल उघडून पाहावी, एखादा मराठी शब्द शोधून पाहावा आणि नोंदीतले नाव व वर्ष वाचावे. चूक असेल तर त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन लगेच कळवावे.

ज्यांनी २०१५ च्या आधी मराठीत प्रबंध लिहिला आहे, त्यांनी शोधगंगेवर आपले नाव एकदा शोधून पाहावे. सापडले नाही तर, बांधील प्रत आणि मार्गदर्शक दोन्ही हाताशी आहेत तोवर, आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना हे पत्र लिहावे.