सणाचा निरोप आणि पानातला मोदक

गणपतीच्या आधी वर्गाच्या ग्रुपवर निरोप टाकायची माझी जुनी सवय आहे. सुट्टी कधी, वर्ग पुन्हा कधी, आणि शेवटी शुभेच्छा. तीन वर्षांपूर्वी त्या निरोपाच्या शेवटी मी सहज एक ओळ जोडली होती: जेवढे मोदक जास्त, तेवढे सूर्यनमस्कार जास्त. सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं पाठवली आणि मी ते विसरून गेले.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पुढच्या ओळीत चटई टाकणाऱ्या काकू मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. चतुर्थीला तीन मोदक खाल्ले, मनाला लागून राहिलं, म्हणून जेवणानंतर तासाभरात त्यांनी घरीच बारा सूर्यनमस्कार घातले होते. सहाव्या-सातव्यालाच घशाशी आंबट पाणी आलं, आणि रात्रभर छातीत जळजळ होत राहिली. "ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना," एवढंच त्या म्हणाल्या.

चूक माझी होती. भरल्या पोटी पुढे वाकलं की पोटावर दाब येतो, आणि जठरातलं आंबट पाणी अन्ननलिकेत वर चढतं. पोटभर जेवणानंतर आसनांसाठी तीन ते चार तास जाऊ द्यावेत, हे मीच वर्गात सांगते. पण या चुकीहून मोठी चूक दुसरी होती. सूर्यनमस्कार हा मी मोदकाचा दंड करून टाकला होता. योगशिक्षिकेचं खाण्याबद्दलचं बोलणं लोक गमतीत घेत नाहीत. ते आज्ञा म्हणून घेतात, आणि मग नैवेद्याच्या पानावर बसूनही मनातल्या मनात हिशेब चालू राहतो.

म्हणून त्या वर्षी मी हठप्रदीपिका पुन्हा काढून वाचली. स्वात्मारामांचा हा ग्रंथ पंधराव्या शतकाच्या सुमाराचा. योगाची हानी करणाऱ्या गोष्टींत त्यांनी अत्याहाराला, म्हणजे अति खाण्याला, पहिला नंबर दिला आहे. पण मिताहार म्हणजे काय हे सांगताना ते अन्न कोरडं-फिकं असावं असं म्हणत नाहीत. अन्न स्निग्ध आणि मधुर असावं, पोटाचा चौथा भाग मोकळा ठेवावा आणि शिवाच्या प्रीतीसाठी खावं, असं ते सांगतात. साधकाला हितकर पदार्थांच्या यादीत तांदूळ, गहू, दूध, तूप, खडीसाखर, मध हे सगळं आहे. देवाला दाखवून, तूप सोडून खाल्लेला उकडीचा मोदक या वर्णनापासून फार लांब नाही. अडचण येते ती त्या मोकळ्या चौथ्या भागाची.

तो कसा ओळखायचा, हे मी आता वर्गात मोदकावरूनच सांगते. चाळणीतून काढलेला पहिला मोदक केळीच्या पानावर येतो, कळीचं टोक बोटानं मोडलं की आतून जायफळ-वेलचीचा वास येतो आणि त्यात चमचाभर तूप जातं. त्या मोदकाची चव शेवटच्या घासापर्यंत लागते. दुसऱ्याचीही लागते. पुढे कधीतरी एक घास असा येतो की गोडी कमी झालेली असते, आणि आपण बोलता बोलता किंवा कुणीतरी वाढलं म्हणून खात असतो. तिथे थांबायचं. उठताना श्वास पोटापर्यंत सहज गेला, तर चौथा भाग शिल्लक आहे. श्वास वरवरच राहिला आणि कमरेची नाडी सैल करावीशी वाटली, तर तो भरला. कुणाचा हा घास दुसऱ्या मोदकाला येतो, कुणाचा चौथ्याला. म्हणून निरोपात मी आकडा लिहीत नाही.

पण मधुमेह असलेल्यांना आकडा लागतो. माझ्या वर्गात असे बरेच जण आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांना वाटतं की गूळ आहे म्हणजे चालतं. गुळात बहुतेक साखरच असते आणि रक्तातली साखर तो साखरेसारखीच वाढवतो. आमच्या घरचं प्रमाण घ्या. दोन वाट्या खोवलेला नारळ, एक वाटी चिरलेला गूळ, आणि त्यात साधारण अकरा मोदक होतात. वाटीत दीडशे ग्रॅमच्या आसपास गूळ बसतो, म्हणजे एका मोदकात तेरा-चौदा ग्रॅम, जवळपास तीन चहाचे चमचे. वरची तांदळाची पारी वेगळी, तिचीही पचून साखरच होते. हे कळलं म्हणजे मोदक सोडावा लागतो असं नाही. तो रिकाम्या पोटी, आरतीनंतर उभ्या उभ्या खाण्याऐवजी पानावर वरण, भाजी, कोशिंबिरीबरोबर घ्यावा, त्या जेवणातला भात तेवढा कमी करावा, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालावं. साखर एकदम चढत नाही. किती मोदक, आणि गोळी किंवा इन्सुलिन कसं, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. त्यात योगशिक्षिकेनं पडू नये.

या सणात आणखी एक गोष्ट घडते, जी शुभेच्छांच्या निरोपात सहसा कुणी लिहीत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरतालिका असते. वर्गातल्या कितीतरी जणी निर्जळ उपास करतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून स्वयंपाकाला उभ्या राहतात. दिवसभराच्या उपासानंतर पहिला घास मोदकाचा पडला की भूक हातात राहत नाही. मग नंतर जे मनाला टोचतं, त्याचं मूळ मोदकात नसतं, आदल्या दिवशीच्या रिकाम्या पोटात असतं. म्हणून हरतालिकेला मी कपालभाती आणि सूर्यनमस्कार ठेवत नाही. अनुलोम-विलोम आणि शवासन पुरतं. मधुमेहाची गोळी चालू असलेल्या बायकांना मी स्वतंत्र फोन करून सांगते की निर्जळ उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. हात थरथरले, दरदरून घाम आला तर उपास तिथेच सोडा आणि आधी साखर तोंडात टाका.

आता माझा निरोप असा जातो:

"मंडळी, बाप्पाच्या आगमनाच्या शुभेच्छा. उद्या हरतालिका, वर्ग फक्त अर्धा तास, श्वसन आणि शवासन. परवापासून गौरी विसर्जनापर्यंत सुट्टी. मोदक गरम असतानाच, बसून, तूप घालून खा. जेवणाच्या पानावर खा. ज्या घासाला गोडी कमी लागेल, तिथे हात धुवा. जेवणानंतर गुडघे दुखत नसतील तर पाच मिनिटं वज्रासन, दुखत असतील तर शतपावली. सूर्यनमस्कार आल्यावर घालू, नेहमी घालतो तेवढेच. आणि उकड काढणारीनं सगळ्यांच्या शेवटी नाही, सगळ्यांबरोबर जेवायला बसावं."

शेवटची ओळ गेल्या वर्षी घातली. तिला सगळ्यांत आधी उत्तर आलं ते त्या काकूंचं. पानाचा फोटो होता. उजव्या बाजूला दोन मोदक, त्यातल्या एकाची कळी मोडलेली आणि तूप पानावर ओघळलेलं. खाली लिहिलं होतं, "ताई, या वर्षी सून तळतेय, मी बसलेय."