पाळण्याशी कोण वाकलं होतं? आंतरधर्मीय घरांचा अभ्यास: प्रश्नापासून पद्धतीपर्यंत

आंतरधर्मीय लग्नाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘घरच्यांनी मान्य केलं का?’ अभ्यासाला हा प्रश्न पुरत नाही. एखादं घर लग्नाला हो म्हणतं आणि बारशाला अडतं. म्हणून आम्ही प्रश्न लहान करून घेतो. नाशिकमधल्या हिंदू-मुस्लिम जोडप्याच्या घरात, मूल जन्मल्यापासून शाळेत जाईपर्यंत, कोणता विधी झाला, कोणता टळला आणि शेवटचा शब्द कुणाचा होता?

हे सरळ विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘आमच्याकडे तसं काही नाही, आम्ही दोन्ही करतो.’ उत्तर खोटं नसतं, पण त्यात खेचाखेच झाकली जाते. तेव्हा मत विचारायचं नाही, घडलेले प्रसंग विचारायचे.

समजा, सातपूरच्या एका घरात आई हिंदू आहे, वडील मुस्लिम. मुलगा झाला. जन्मल्यावर बाळाच्या कानात अजान देतात, बारशाला आत्या कानात नाव सांगते. सातव्या दिवशी अकीक्याला केस उतरवतात, हिंदू घरात पुढे जावळ काढतात. म्हणजे कान आणि केस या दोन जागी दोन्ही परंपरांना सामावून घेता येतं. पण आत्या म्हणजे वडिलांची बहीण, आणि या घरात ती मुस्लिम आहे. मग पाळण्याशी कोण वाकलं होतं? तीच, की आईकडची कुणी मावशी? हा साधा प्रश्न ‘दोन्ही करतो’च्या आत नेतो. सुंतेचं मात्र वेगळं आहे. ती अर्धी करता येत नाही. तिथे कुणाला तरी माघार घ्यावी लागते, आणि कुणाचा शब्द चालतो ते तिथेच दिसतं.

आठवणी काळानुसार गुळगुळीत होतात, म्हणून सोबत कागद पाहायचे. जन्मनोंदणीत बाळाचं नाव मागाहूनही घालता येतं: १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय, त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. नाव उशिरा लागलं असेल तर घरात वाद होता असं वाटू शकतं. पण थांबा, एकाच धर्माच्या घरांतही आळसाने नाव राहून जातं. कागद फक्त कुठे विचारायचं ते सांगतो, उत्तर देत नाही. जुन्या नोंदणी अर्जात ‘कुटुंबाचा धर्म’ असा एकच रकाना होता. तो कुणी भरला, आणि शाळेच्या अर्जात पुढे तेच लिहिलं का, हे ताडून पाहायचं.

नवरा-बायकोला आधी वेगवेगळं भेटायचं, मग एकत्र. एकाच बारशाच्या दोन हकिकती जुळल्या नाहीत, तर कोण खरं बोलतंय हे ठरवत बसायचं नाही. ती तफावतच आपली माहिती असते. मात्र एकाने सांगितलेलं दुसऱ्यासमोर कधीही काढायचं नाही. आजी-आजोबांना भेटायचं ते जोडप्याच्या परवानगीनेच.

आता सगळ्यात नाजूक भाग: घरं शोधायची कशी? विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे लग्नाआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात. तिथून नावं उतरवून घेणं सोपं आहे. आम्ही ते करत नाही. जुलै २०२१ मध्ये नाशिकमधल्याच एका लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. दोन्ही घरं राजी होती, नोंदणी आधीच झाली होती, तरी बाहेरच्या दबावाने ठरलेला समारंभ रद्द करावा लागला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांबाबत समन्वय समिती नेमली. अशा वातावरणात अनोळखी माणूस नोटिशीवरचा पत्ता घेऊन दारात उभा राहिला, तर घर त्याला संशोधक कशाला समजेल?

म्हणून ओळखीतून ओळख, असंच जावं लागतं, आणि पहिला फोन जोडप्याने करायचा, आपण नाही. नोंदीत नाव, गल्ली, नेमका व्यवसाय यांतलं काही ठेवायचं नाही. शहरात अशी घरं मोजकी असल्यामुळे नुसतं नाव बदलून भागत नाही. ‘सातपूर, कारखान्यात नोकरी, दोन मुलं’ एवढ्यावरही शेजारी ओळखतात.

या वाटेने मोडलेली लग्नं, शहर सोडून गेलेली जोडपी आणि सगळ्या नात्यांपासून तुटलेली माणसं सापडत नाहीत. हाती येतात ती बहुतेक टिकलेली घरं. त्यांच्यावरून ‘नाशिकमध्ये किती जोडपी सुखी आहेत’ हे सांगता येणार नाही. जी टिकली, त्यांनी कान आणि केस कसे वाटून घेतले आणि सुंतेपाशी काय केलं, एवढं मात्र नीट सांगता येईल.