रेषेखाली किती खोल?

२०११-१२ साली तेंडुलकर पद्धतीने शहरातली दारिद्र्यरेषा होती माणशी महिना १००० रुपये, खेड्यातली ८१६. एवढाही खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, या व्याख्येत देशातले २१.९ टक्के लोक बसले. पुढे रंगराजन समितीने मोजण्याची रीत बदलली, रेषा वर नेली आणि त्याच वर्षाचा आकडा २९.५ टक्क्यांवर गेला. भांडण रेषेच्या उंचीवरच रंगले. माणूस रेषेखाली किती खोल आहे, हे विचारले गेले फारच कमी.

समजा, रेषा १००० रुपयांची आहे आणि तिच्याखाली तिघे आहेत. एकाचा खर्च ९५०, दुसऱ्याचा ९००, तिसऱ्याचा ५००. सरकारच्या हाती वाटायला आहेत १५० रुपये. पहिल्याला ५० आणि दुसऱ्याला १०० दिले की गरीब तिनाचा एक होतो. मंत्र्यांना सांगायला उत्तम! सगळे पैसे तिसऱ्याला दिले तर तो ६५० वर येतो, पण गरीब तीनच राहतात.

दुसरा निर्देशांक रेषेपासूनची तूट मोजतो. ती आधी ६५० होती. पैसे कुणालाही द्या, ५०० उरते. म्हणजे हाही निर्देशांक दोन वाटपांत फरक करत नाही. म्हणून फॉस्टर, ग्रीअर आणि थॉर्बेक यांनी १९८४ मध्ये तुटीचा वर्ग करण्याची वाट दाखवली. पहिल्या वाटपानंतर वर्गांची बेरीज २,५०,००० उरते, दुसऱ्यानंतर १,३५,०००. सर्वांत तळाच्या माणसाचे वजन इथे कुठे हिशेबात येते.

पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये उष्मांकांवरून गरिबी मोजली आणि उपाय सुचवला तो सार्वजनिक कामांचा. महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. उन्हात खडी फोडायला सहसा गरजू माणूसच येतो, त्यामुळे लाभार्थींची यादी करावी लागत नाही. याउलट एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात म्हैस-शेळ्यांसाठी अनुदान आणि कर्ज मिळे. रथ यांनी १९८५ मध्ये त्यावर कडक टीका केली आणि मजुरीच्या कामांवर भर द्यायला सांगितले. रेषेच्या जवळच्यांना वर ढकलणे अशा योजनेत सोपे असते. ज्याला जनावराचा चाराही परवडत नाही, त्याच्या दारात कर्जाची म्हैस बांधून काय होणार?

मोठ्या पातळीवरचा वाद जगदीश भगवती आणि अमर्त्य सेन यांचा. भगवतींचे म्हणणे, आधी विकासदर वाढवा, त्यातूनच गरिबांवर खर्चायला पैसा येईल. सेन म्हणतात, शाळा आणि दवाखान्यांवर आधी खर्च करा, विकास त्यावरच टिकतो.

सेन यांच्या विचाराशी जवळीक असलेला बहुआयामी निर्देशांक नीती आयोग वापरतो. त्यात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांचे बारा निकष आहेत. त्यानुसार गरिबी २०१५-१६ मधल्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आली. बँक खाते हा त्यातला एक निकष. घरात कुणाचे खाते आहे का, एवढेच तो पाहतो. खात्यात किती पैसे आहेत, हे नाही.