ताण, बर्नआऊट आणि नियंत्रण : माण येथील एक प्रकरण

संघटन वर्तनाच्या प्रश्नपत्रिकेत कार्यताणावर एखादे प्रकरण देऊन ‘कारणे ओळखा व सामना करण्याचे मार्ग सुचवा’ असे विचारले जाते. बहुतेक उत्तरे योग, प्राणायाम आणि वेळेचे नियोजन यांवर येऊन थांबतात. हे उपाय चुकीचे नाहीत. पण ते कोणत्याही प्रकरणाला लागू पडतात आणि म्हणूनच दिलेल्या प्रकरणाविषयी काहीच सांगत नाहीत. पुढील काल्पनिक उदाहरण त्या दृष्टीने वाचावे.

मुळशी तालुक्यातील माण हे गाव आज हिंजवडी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ओळखले जाते. समजा, तेथील एका कंपनीच्या ग्राहकसाहाय्य विभागात एक महिला सहा वर्षे काम करीत आहे. कामाची वेळ सकाळी ११ ते रात्री ८. एक आठवडा सोडून दुसऱ्या आठवड्यात रात्री १ वाजेपर्यंत ‘ऑन-कॉल’ राहावे लागते. शिवाजी चौकातील कोंडीतून चिखलीच्या घरी पोहोचायला दीड तास जातो आणि जेवण होताच लॅपटॉप उघडावा लागतो. पुढील आठवड्याचे वेळापत्रक शुक्रवारी सायंकाळी कळते. कोणती तक्रार आधी सोडवायची हे संगणकप्रणाली ठरवते. अलीकडे रविवारी झोप काढूनही तिचा थकवा जात नाही. तक्रारदारांशी ती तुटकपणे बोलते आणि ‘माझ्या कामाने कोणाला काय फरक पडतो’ असे म्हणते.

येथे आपण प्रथम लक्षणे तपासावीत. क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआऊटची तीन अंगे सांगितली आहेत : भावनिक थकवा, कामाशी संबंधित माणसांविषयी कोरडेपणा आणि स्वतःच्या कर्तृत्वाविषयीची घटलेली भावना. केवळ पहिले अंग दिसत असेल, तर ‘बर्नआऊट’ हा शब्द वापरण्याची घाई करू नये. तिमाहीअखेरीस दमलेला कर्मचारी सुट्टीनंतर पूर्ववत होतो. तो ताण होय. या प्रकरणात तिन्ही अंगे दिसतात आणि विश्रांतीनेही फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआऊटला रोग म्हटलेले नाही. व्यवस्थित न हाताळल्या गेलेल्या दीर्घकालीन कार्यताणातून उद्भवणारी व्यवसायविषयक घटना असे त्याचे वर्णन आहे. दोष व्यक्तीच्या कमकुवतपणात शोधण्याची सवय त्यामुळे अडचणीत येते, आणि ते योग्यच आहे.

आता कारणांकडे वळू. ‘कामाचा बोजा’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार कामाच्या मागण्या जास्त आणि त्या कामावरील निर्णयस्वातंत्र्य कमी, अशी जोडी जमली की ताण सर्वांत घातक ठरतो. मागण्या जास्त असूनही स्वातंत्र्य भरपूर असेल, तर तेच काम शिकण्याची संधी ठरू शकते. आपल्या प्रकरणात मागण्या जास्त आहेतच. परंतु वेळापत्रक, कामाचा क्रम आणि रात्रीचा वेळ यांपैकी एकही गोष्ट तिच्या हातात नाही. खरे कारण येथे आहे. वाहतूककोंडी ही त्यावरची भर होय.

हे एकदा लक्षात आले, की उपाय आपोआप वेगळे सुचतात. रिचर्ड लॅझारस व सुझन फोकमन यांनी सामना करण्याचे दोन मार्ग मानले : परिस्थिती बदलणारा समस्याकेंद्री आणि परिस्थितीने उठलेल्या भावना सावरणारा भावनाकेंद्री. जे बदलता येते तेथे पहिला मार्ग अधिक फलदायी ठरतो. वेळापत्रक दोन आठवडे आधी जाहीर करणे, ऑन-कॉलच्या दिवशी घरून काम करू देणे, तक्रारींचा क्रम ठरवण्याचा काही अधिकार तिला देणे, यांत काम फारसे कमी होत नाही, पण नियंत्रण वाढते. ही मागणी तिने एकटीने करण्यापेक्षा गटाने व्यवस्थापकापुढे मांडली, तर सहकाऱ्यांचा आधारही मिळतो. परदेशी ग्राहकाच्या वेळा मात्र तिला किंवा व्यवस्थापकालाही बदलता येणार नाहीत. तेथे व्यायाम, छंद, मैत्रिणीशी बोलणे हे भावनाकेंद्री मार्ग खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. प्राणायामाची जागा उत्तरात येथे आहे.

उपायांची मर्यादाही लिहावी. पंधरा दिवसांची रजा देऊन त्याच वेळापत्रकावर परत बोलावले, तर थकवा काही आठवड्यांत परतण्याची शक्यता मोठी असते. शिवाय बर्नआऊट ही संज्ञा केवळ कामापुरती आहे. कामाबाहेरही कशातच रस न वाटणे किंवा जगणे नकोसे होणे अशी चिन्हे प्रकरणात दिली असतील, तर ते नैराश्य असू शकते. मग वेळापत्रक बदलणे पुरेसे ठरत नाही. तज्ज्ञाचा सल्ला घेण्याचे सुचवावे. शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.